टोरिक लेन्स फिरते तेव्हा काय होते, आणि फिटिंगमध्ये ते कसे सुधारायचे

साधी, गोल नंबरची कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर कितीही फिरली तरी नजरेत फरक पडत नाही, कारण तिची पॉवर सगळ्या दिशांना सारखीच असते. टोरिक लेन्सचे तसे नाही. तिच्यात सिलिंडर नंबर असतो आणि तो एका ठरावीक अक्षावर बसवलेला असतो. लेन्स फिरली की अक्षही तिच्याबरोबर फिरतो. डोळ्याचा दोष मात्र जागेवरच राहतो. मग लेन्सचा सिलिंडर आणि डोळ्याचा सिलिंडर एकमेकांना पुरते खोडत नाहीत, आणि जे उरते तेच धूसर दिसण्याचे कारण.

किती उरते, याचे गणित पाठ असावे. पाच अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण सहावा भाग उरतो, दहा अंशांना तिसऱ्या भागाहून थोडा जास्त, आणि तीस अंशांना पूर्ण सिलिंडर, म्हणजे टोरिक लेन्स घालून न घातल्यासारखीच. त्यामुळे तेच दहा अंश ०.७५ सिलिंडरच्या माणसाला फारसे जाणवणार नाहीत, पण २.७५ वाल्याला जवळजवळ एक डायॉप्टरचा नवा दोष देतील.

लेन्स जागेवर धरण्याचे काम मुख्यतः पापण्या करतात. लेन्सचा काही भाग जाड आणि काही पातळ ठेवलेला असतो. पापणी मिटताना जाड भागावर दाब आला की, मुठीत दाबलेला ओला साबण निसटावा तसा तो भाग पापणीखालून सरकतो आणि लेन्स आपल्या दिशेला येते. पण प्रत्येकाच्या पापण्यांचा कोन आणि ताण वेगळा असतो, शिवाय खालची पापणी मिटताना किंचित नाकाकडे सरकते. म्हणून एखाद्या डोळ्यावर लेन्स सरळ न थांबता थोडी तिरकी थांबते. तो लेन्सचा दोष नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ. उजवा डोळा, नंबर −२.०० / −१.७५ × १८०. त्याच नंबरची चाचणी लेन्स घातली, दहा-पंधरा मिनिटे बसू दिली. स्लिट लॅम्पखाली पाहिले तर खालची खूण, जी बरोबर सहाच्या काट्यावर हवी, ती आपल्या डाव्या हाताला दहा अंश सरकलेली आहे. अंदाजाने बोलू नका. स्लिटचा प्रकाशपट्टा खुणेवर वळवून लावा आणि मापपट्टीवर अंश वाचा. डोळे जेमतेम तीस अंश, म्हणजे घड्याळातला एक तास, ओळखतात. लहान कोन नुसत्या नजरेने चुकतात.

या लेन्सवरून पुन्हा नंबर काढला तर साधारण +०.२५ / −०.५० × ४० येतो. इथे नीट लक्ष द्या: स्फेरिकल नंबर सिलिंडरच्या निम्मा आणि उलट चिन्हाचा आहे. असा नमुना दिसला की पॉवर बदलायच्या मागे लागू नका, लेन्स फिरलेली आहे.

नियम असा: खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे गेली तर तेवढे अंश अक्षात मिळवा, उजवीकडे गेली तर वजा करा. डोळा उजवा असो वा डावा, नियम तोच. आपल्या उदाहरणात १८० मध्ये १० मिळवले की १९०, म्हणजेच १०. म्हणून लेन्स मागवायची −२.०० / −१.७५ × १०. ती डोळ्यावर पुन्हा दहा अंश फिरेल आणि तिचा अक्ष नेमका १८० वर येईल. मिळवायचे ते चष्म्याच्या अक्षात. वरून काढलेल्या नंबरातला ४० मागणीत लिहायचा नसतो.

नवी लेन्स घातल्यावर खूण पुन्हा तिरकीच दिसणार. तशीच दिसायला हवी. ती 'सरळ' करायच्या नादात अक्ष पुन्हा बदलला की जमलेले काम बिघडते.

ही युक्ती चालते ती लेन्स रोज त्याच जागी थांबत असेल तरच. त्यासाठी लेन्स बोटाने मुद्दाम तीसेक अंश फिरवा आणि काही वेळा डोळे मिटायला सांगा. ती मिनिटभरात त्याच जागी परत आली तर अक्ष बदलणे योग्य. प्रत्येक मिटण्याला डोलत असेल, कधी पाच तर कधी वीस अंश, तर कोणताही अक्ष लिहिला तरी धूसरपणा येत-जात राहील. हीच रुग्णाचीही तक्रार असते. अशी लेन्स बहुधा सैल असते. तिच्यापेक्षा थोडी खोल वक्रता असलेली किंवा व्यास मोठा असलेली लेन्स घालून पाहा. उलट फिरवलेली लेन्स तिथेच अडकून बसली, परतच आली नाही, तर ती घट्ट आहे; तिला सपाट वक्रता हवी. बऱ्याच तयार लेन्स एकाच वक्रतेत मिळतात. तिथे अक्षाशी झगडण्यापेक्षा वेगळ्या रचनेने स्थिर होणारी लेन्स घेणे बरे: खाली जाड असलेली जमली नाही, तर वर-खाली पातळ केलेली घालून पाहा.