शेवटच्या फ्रेमचं काय करायचं?

भोसरीतल्या एका उद्योजकाने कारखान्याच्या शेडचं डिझाइन करायला मला दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर एकच ओळ: "शेड 15 बाय 30 मीटर, उंची 6 मीटर, 5 टनी क्रेन."

पुण्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरायचा, हे मला इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, आय एस 875 मध्ये, सापडतं. शेड बांधून घेताना ते तुम्ही लिहून देऊ नका. जे फक्त तुमच्या डोक्यात आहे, ते लिहा. 6 मीटर म्हणजे जमिनीपासून हुकापर्यंत, की छताच्या कडेपर्यंत? हुकाच्या वर क्रेनचा गर्डर, ट्रॉली आणि मोकळी जागा मिळून दोनेक मीटर सहज जातात. क्रेन हाताने ओढायची की विजेवर चालणारी? विजेवरच्या क्रेनसाठी धक्क्यापोटी चाकाचा भार 25 टक्के वाढवून धरतात, हाताच्या क्रेनला 10 टक्के. छतावर सोलर लावणार असाल तर चौरस मीटरला साधारण 15 किलो वाढतात. तेही आत्ताच सांगा.

पण त्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नव्हती. शेड पुढे 12 मीटर वाढवायची होती. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, ही चूक माझी.

दोन कडांचे खांब आणि त्यांवरचा राफ्टर, म्हणजे छत पेलणारी तुळई, मिळून एक फ्रेम होते. अशा फ्रेम दर 6 मीटरवर होत्या. मधल्या फ्रेमवर 6 मीटर रुंदीच्या छताचा भार येतो, टोकाच्या फ्रेमवर फक्त 3 मीटरचा. म्हणून तिथे मी हलका राफ्टर दिला आणि तो टोकाच्या भिंतीतल्या दोन खांबांवर टेकवला. स्टील वाचलं. तीन वर्षांनी शेड वाढवायला घेतली, तेव्हा ते दोन खांब क्रेनच्या वाटेत उभे होते. ते काढावेत, तर राफ्टरला मधला टेकू न राहता 15 मीटरचा गाळा पेलायचा आणि वर भार दुप्पट. कडेच्या खांबांचे फुटिंग, म्हणजे त्यांच्याखालचे पाये, तेही त्या हिशोबाने केलेले नव्हते. शेवटी टोकाची फ्रेम उतरवून नवी उभारली, फुटिंग वाढवले. तेवढे दिवस शेडच्या त्या टोकाचं काम बंद राहिलं.

आता मी पहिल्याच बैठकीत विचारतो: वाढ कोणत्या बाजूला, किती? लांबीत असेल तर त्या टोकाची फ्रेम आतल्या फ्रेमइतकीच करायची, फुटिंगसकट. भिंतीतले खांब फक्त वारा अडवतील. त्यांच्या माथ्याला उभी लांबट भोकं ठेवायची, म्हणजे छत थोडं वाकलं तरी राफ्टर त्यांच्यावर टेकत नाही. सगळं बोल्टवर, उद्या काढता येईल असं. जास्तीचं स्टील लागतं ते एकाच फ्रेमचं.

रुंदीत वाढवायची असेल तर प्रश्न बदलतो. मधल्या ओळीच्या खांबांवर दोन्ही छतं आणि कदाचित दोन क्रेन येतात, शिवाय मधल्या पन्हळीतून दोन्ही छतांचं पावसाचं पाणी काढावं लागतं. म्हणून कागदावर नुसतं "पुढे वाढवणार" लिहू नका. प्लॉटचा नकाशा जोडा आणि ज्या बाजूला वाढायचं तिथे बाण काढून मीटर लिहा.