बी, ए, जी : पहिले तीन सूर आणि अंगठ्याखालचं भोक

मित्रहो, रेकॉर्डर म्हटलं की काहींना आधी आवाज टिपणारं यंत्र आठवतं. आपलं वाद्य वेगळं. ही उभी धरून, टोकाकडून फुंकायची बासरी. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. वर्गात आपण सोप्रानो रेकॉर्डर घेतो, कारण त्याची भोकं मुलांच्या बोटांच्या आवाक्यात असतात. आज मला फक्त पहिल्या तीन सुरांबद्दल बोलायचं आहे, कारण वर्ग बिघडतो तो तिथेच, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या सुरावर.

हे तीन सूर म्हणजे बी, ए आणि जी. डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्या मुलालाही असंच शिकवावं, कारण खालच्या टोकाची दुहेरी भोकं उजव्या हाताच्या सोयीने पाडलेली असतात. डाव्या हाताचा अंगठा मागच्या भोकावर आणि तर्जनी पुढच्या पहिल्या भोकावर ठेवली की बी वाजतो. त्यात मधलं बोट घातलं की ए, आणि अनामिका घातली की जी. उजव्या हाताची बोटं अजून मोकळी असतात. त्या हाताचा अंगठा मात्र वाद्याच्या मागे, चौथ्या-पाचव्या भोकाच्या पातळीवर टेकलेला हवा, नाहीतर डाव्या हाताला वाजवण्याबरोबर वाद्याचं ओझंही पेलावं लागतं. जी ला सा धरलात तर हे तिन्ही आपले सा, रे, ग होतात. मुलांना आधी 'ग रे सा' गाऊन घ्यायला लावा. कानात सूर बसलेला असला की बोट चुकल्याचं मुलाला स्वतःलाच कळतं.

बाजारात बरोक आणि जर्मन अशा दोन बोटवणींची वाद्यं मिळतात. या तीन सुरांना दोन्ही सारखीच आहेत, फरक पुढे एफ ला पडतो. तरी वर्गासाठी सगळी वाद्यं एकाच प्रकारची आणि शक्यतो बरोक घ्या. जर्मन बोटवणीत एफ सोपा होतो, पण एफ शार्प नीट लागत नाही.

आता जिभेकडे येतो. इथे आपल्या भाषेने आपल्याला एक देणगी दिली आहे. इंग्रजी पुस्तकं 'डू' म्हणायला सांगतात, आणि आपण ते वाचून मुलांना ड चा डू म्हणायला लावतो. पण आपल्या ड ला जीभ मागे वळते. रेकॉर्डरला जिभेचं टोक वरच्या दातांच्या अगदी मागे हलकेच लागून सुटायला हवं. म्हणजे आपला 'दू'. 'तू' म्हटलं तर सुरुवात जरा टणक होते, तीही चालते. 'थू' मात्र नको, त्यात श्वासाचा धक्का येतो आणि सूर वर उडतो.

पहिल्या दिवशी मी वाद्य हातात देतच नाही. मुलं तळहात ओठांपुढे धरतात आणि कुजबुजत 'दू दू दू दू' म्हणतात. तळहातावर उबदार वाऱ्याची एकच धार यायला हवी, मधे बारीक खाचा पडलेली. चार वेगळे झोत जाणवले, तर मूल प्रत्येक 'दू'ला पोटातून नवा धक्का देतंय. वाऱ्याचं काम पोटाचं, तो वाहत राहतो. जीभ फक्त दार लावते आणि उघडते. त्यानंतर वाद्याचा नुसता वरचा भाग देतो. त्याचं उघडं टोक तळहाताने झाकून हलकं फुंकलं की खालच्या पट्टीतला मऊ सूर येतो, जोर केला की लगेच किंचाळी. बोटांची भानगड नसताना फुंक किती लागते ते मूल इथे शिकतं. मुखाग्र ओठांत धरायचं, दातांनी चावायचं नाही.

आणि आता भोकं. एका मुलीचं उदाहरण सांगतो. बी छान, ए छान, जी म्हटलं की दर वेळी किंचाळी. मी तिला म्हटलं, 'हळू फुंक.' तिने हळू फुंकलं, तरी तेच. मग म्हटलं, 'तिसरं बोट नीट दाब.' तिने इतकं दाबलं की नख पांढरं पडलं, आणि किंचाळी आणखी वाढली. माझं निदानच चुकलं होतं. मग मी तिला जी धरून पाच सेकंद थांबायला आणि बोटं उलटी करून दाखवायला सांगितलं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींच्या गादीवर भोकाचं पूर्ण गोल वळं उमटलं होतं. अंगठ्यावर मात्र अर्धचंद्र होता.

घडत काय होतं, तर अनामिका आखूड पडत होती. ती भोकापर्यंत नेताना तिचा सगळा पंजा वळत होता आणि मागचा अंगठा अर्ध्या भोकावरून सरकत होता. रेकॉर्डरवर वरच्या सप्तकात जायचं असतं, तेव्हा वादक मुद्दाम अंगठ्याचं भोक किंचित उघडतो. ही मुलगी नकळत तेच करत होती, आणि वाद्य इमानदारीने वर उडी मारत होतं. दोष ऐकू येत होता तिसऱ्या बोटावर, पण होता अंगठ्यावर. उपाय म्हणून तिला बोटं टोकावर उभी न ठेवता गादीवर, थोडी सपाट ठेवायला लावली, आणि कोपर अंगापासून जरा दूर न्यायला सांगितलं. मग बी धरून, अंगठ्याकडे लक्ष ठेवत, न फुंकता अनामिका वीस वेळा ठेव-उचल. त्यानंतर फुंकलं, तर जी आला.

तेव्हापासून मी आधी कान लावतो. सूर एकदम वर उडाला, तर गळती वरच्या बाजूला, अंगठ्याशी किंवा तर्जनीशी. सूर उडत नाही, पण ए आणि जी च्या मधे कुठेतरी लटकतो, तर अनामिकेचं भोक अर्धवट झाकलेलं. आणि बोटांवर सगळी वळी पूर्ण असूनही किंचाळी आली, तरच फुंकेला दोष द्यावा. तीस मुलं एकदम वाजवत असताना 'हळू फुंका' हे सगळ्यात सोपं वाक्य आहे. पण गळती तशीच राहिली तर मुलं फुंक इतकी कमी करतात की सूर घसरतो आणि सगळा वर्ग बेसूर होतो. वळं तपासायला एका रांगेला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि मुलांना तो खेळ वाटतो.

क्रम बी, ए, जी असाच ठेवा, कारण खाली येताना एकेकच बोट वाढतं. वर जातानाही एकेक उचलू द्या. जी वरून थेट बी ची उडी शेवटी घ्या. तिथे मधलं बोट आणि अनामिका एकाच क्षणी उठली पाहिजेत. मधलं बोट मागे राहिलं तर मधे ए ची चिमटीभर सावली ऐकू येते. ती ऐकू आली तर मुलाला थांबवून, न फुंकता, फक्त बोटांनी भोकांवर टपटप वाजवायला सांगा. दोन टपटप ऐकू आल्या तर बोटं वेगवेगळी पडताहेत, एकच आली तर फुंकायला हरकत नाही.