अंतरपाटाच्या फोटोचं नाव आणि वजन

श्रोतेहो, नमस्कार. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पुण्यातल्या मंडळींशी आज थोडं बोलायचंय. तुम्ही कष्टाने पोर्टफोलिओचं पान बनवता, पण "पुण्यातला वेडिंग फोटोग्राफर" शोधणाऱ्याला ते सापडत नाही. याची कारणं पुष्कळ असतात. त्यातली दोन तुमच्या हातातली आहेत: फाईलचं नाव आणि फाईलचं वजन. एकच फोटो घेऊन बघू.

कर्वे रोडवरचं एखादं मंगल कार्यालय. पांढरा अंतरपाट, त्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक, मागे पिवळ्या अष्टपुत्रीतली वधू, कपाळावर मुंडावळ्या, पाठीशी मामा. कॅमेऱ्याने या फोटोला नाव दिलंय `DSC_4127.JPG`. कॅमेऱ्याच्या दृष्टीने नाव बरोबर आहे, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. गुगल फाईलच्या नावातून चित्राचा अंदाज घेतं. हा इशारा हलकाच असतो हे आधीच सांगतो. फोटोच्या आजूबाजूचा मजकूर आणि फोटोला जोडलेलं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, यांना जास्त वजन असतं. पण नाव द्यायला अर्धा मिनिट लागतो, तेव्हा ते का सोडायचं?

मी या फोटोला `antarpat-maharashtrian-wedding-pune.jpg` असं नाव देईन. सगळी अक्षरं लहान, आणि शब्दांमध्ये आडवी रेघ, म्हणजे हायफन. खाली असते ती अंडरस्कोअरची रेघ नको, गुगल स्वतः हायफनच वापरायला सांगतं. लहान अक्षरांचं कारण वेगळं आहे. बऱ्याच सर्व्हरना `Pune.JPG` आणि `pune.jpg` या दोन वेगळ्या फायली वाटतात. पानावर एक लिहिलं आणि सर्व्हरवर दुसरं असलं, की फोटोच्या जागी रिकामी चौकट येते.

मग नाव मराठीत, देवनागरीत का नको? चालतं, पण वेबच्या पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होऊन बसतं. "पुणे" या शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हं आहेत, त्यांची पत्त्यात 36 अक्षरं होतात, तीही टक्क्यांच्या खुणांनी भरलेली. असा पत्ता कुणाला पाठवला तर समोरच्याला तो व्हायरससारखा वाटतो. म्हणून नाव रोमन लिपीत ठेवा आणि मराठी ऑल्ट टेक्स्टमध्ये मनसोक्त लिहा: "अंतरपाटामागे मुंडावळ्या बांधलेली वधू आणि मामा, पुण्यातलं लग्न". आपल्या भाषेत शोधणाऱ्यासाठी हे वाक्य कामाचं आहे, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. "बेस्ट", "टॉप", "कँडिड" असे शब्द मात्र नावात कोंबू नका. फोटोत जे आहे तेवढंच लिहा. आणि सगळ्या लग्नाला नावं देत बसायचं नाही. पानावर वीस-पंचवीस फोटो जातात, तेवढ्यांना हाताने नावं द्या.

आता वजन. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा 6000 बाय 4000 ठिपक्यांचा फोटो देतो, चांगल्या दर्जाची जेपेग फाईल साधारण 12 एमबीची धरू. 10 एमबीपीएसच्या मोबाइल जोडणीवर ती उतरायला दहा सेकंद लागतील. पानावरचं सगळ्यात मोठं चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गुगलची चांगल्या पानाची मोजणी आहे. पोर्टफोलिओत ते मोठं चित्र म्हणजे तुमचा वरचा पहिला फोटोच.

इथे बहुतेक जण सरळ क्वालिटीचा काटा खाली ओढतात. क्रम उलटा हवा: आधी आकार कमी करायचा, मग दाब. लांब बाजू 1800 केली की फोटो 1800 बाय 1200 होतो. ठिपके 2 कोटी 40 लाखांवरून 21 लाख 60 हजारांवर येतात, म्हणजे अकरावा हिस्सा, आणि स्क्रीनवर काही बिघडलेलं दिसत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये एक्सपोर्ट करतानाच लाँग एज 1800, कलर स्पेस एसआरजीबी आणि क्वालिटी 75 च्या आसपास ठेवा. अंतरपाटाचा फोटो साधारण तीन-चारशे केबीत बसायला हरकत नाही. गर्दीचा, अक्षता उडतानाचा फोटो त्याच आकड्यावर जास्त जड येतो, कारण बारीक तपशील दाबले जात नाहीत. आणि एका सॉफ्टवेअरचं 75 म्हणजे दुसऱ्याचं 75 नव्हे. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा फोटो 100 टक्क्यांवर उघडून बघा.

बघायचं कुठे? मागच्या धूसर भिंतीवर रंगाचे पट्टे उमटलेत का, आणि मुंडावळ्यांच्या मोत्यांभोवती चौकोनी कचरा दिसतो का. तिसरी जागा फार जण बघत नाहीत: स्वस्तिकाची कड. फाईल हलकी करताना उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची पुष्कळदा चार ठिपक्यांत मिळून एकच. डोळ्याला रंगाचा बारकावा कमी कळतो, म्हणून एरवी हे खपून जातं. पांढऱ्यावरच्या गडद लालात मात्र पकडलं जातं, कुंकू कापडावर फुटल्यासारखं दिसतं. जेपेगमध्ये ही बचत बंद करता येते. वेबपी हा फोटोच्या फाईलचा दुसरा प्रकार, त्याच्या नेहमीच्या, दर्जा थोडा घटवणाऱ्या रूपात ती कायमचीच असते. वेबपीची फाईल जेपेगपेक्षा हलकी होते हे खरं, पण अंतरपाट, गुलाल किंवा लाल शालू असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मग ठरवा. squoosh.app वर मधली रेघ सरकवून ही तुलना ब्राउझरमध्येच करता येते, फोटो कुठे पाठवावा लागत नाही.

फक्त एक जपा. स्क्वूशसारखी बरीच साधनं फोटोच्या पोटात लिहिलेलं तुमचं नाव आणि हक्काची ओळ पुसून टाकतात. गुगल इमेजेस ती ओळ वाचून फोटोखाली श्रेय दाखवू शकतं, तेव्हा ती घालवणं परवडणारं नाही. लाइटरूममध्ये मेटाडेटाच्या ठिकाणी कॉपीराइट आणि संपर्काची माहिती ठेवण्याचा पर्याय निवडा. जागेची नोंद मात्र काढा. घरगुती हळदीच्या फोटोतून कुणाच्या घराचा पत्ता बाहेर जायला नको.

आणखी एक अडचण वेबसाइट बनवणाऱ्याकडे असते. काही सरकत्या पट्ट्यांत फोटो साध्या `img` टॅगऐवजी सीएसएसमधून पार्श्वभूमी म्हणून लावलेले असतात. गुगल असे फोटो नोंदवत नाही, मग नाव कितीही नीट दिलं तरी वाया. त्याला एवढंच विचारा, "माझे फोटो `img` मध्ये आहेत ना?" आणि वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय, लावू नका असंही सांगा, नाहीतर तोच उशिरा येतो.

आता ज्यांची पानं आधीच चालू आहेत, त्यांनी आज रात्री बसून सगळ्या फायलींची नावं बदलू नयेत. नाव बदललं की पत्ता बदलतो, गुगलला फोटो नव्याने शोधावा लागतो, आणि चित्रांकडे ते पानांइतक्या वारंवार फिरकत नाही. बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 रीडायरेक्ट लावावा लागेल. त्यापेक्षा जुन्यांची नावं तशीच राहू द्या आणि ऑल्ट टेक्स्ट लिहून काढा. वजनाचं काम मात्र जुन्यांवरही करता येतं: मूळ फाईल काढा, वेबवरची आधीच दाबलेली नको, तिच्यापासून हलकी प्रत बनवा आणि त्याच नावाने जुनीच्या जागी चढवा. पत्ता तोच राहतो. तुमच्या मोबाइलवर काही काळ जुनाच फोटो दिसला तर घाबरू नका, ब्राउझरने साठवलेली प्रत असते ती. इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा.