आत्याचे मोठे पत्ते

नमस्कार श्रोतेहो. चवथ संपली की मुंबई-पुण्याची मुलं परत जातात, आणि जाताना आईच्या किंवा आजीच्या हातात नवा फोन ठेवून जातात. वेळ जावा म्हणून त्यात एखादा खेळही घालून देतात.

डिचोलीच्या माझ्या आत्याचं असंच झालं. वय 78, पण पत्त्यांत भलतीच पक्की. नातवाने तिला रंगीत गोळ्या फोडायचा खेळ घालून दिला. वर घड्याळ पळतंय, खाली गोळ्या नाचताहेत. आत्याला जोडी दिसेपर्यंत डाव खलास! त्यात एक दिवस जाहिरात आली, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे.’ आत्याने फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला. मला म्हणते, “अरे, मी कशाला हातसुद्धा लावला नाही रे!”

नातवाने फोनची अक्षरं मोठी केली होती. मेसेज छान वाचता यायचे, पण खेळ उघडला की अक्षरं पुन्हा मुंगीएवढी. कारण बरेच खेळ आपली अक्षरं स्वतःच रंगवतात, फोनचं ऐकतच नाहीत. फोनची अक्षरं वेगळी, खेळाची अक्षरं वेगळी, एवढं लक्षात ठेवा.

(लग्नपत्रिकांचंही तेच. चकचकीत कागदावर सोनेरी वेलबुट्टीची अक्षरं! ज्यांच्या आशीर्वादासाठी छापता, त्यांनाच मुहूर्त वाचता येत नाही.)

मग मी तिला एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव दिला, सॉलिटेअर. नियम तिला आधीच ठाऊक. खेळाच्या आतल्या सेटिंगमध्ये मोठे पत्ते निवडले, वेळ आणि गुण दिसणं बंद केलं, आणि गड्डीतून तीनऐवजी एकच पान उलटेल असं ठेवलं. चुकलं तर मागे जायचं बटण दाखवलं. आता दुपारी फोन केला तर म्हणते, “थांब रे, राजा अडकलाय.”

तर खेळ निवडताना तो त्यांच्याच हातात, त्यांच्याच चष्म्यातून बघा. घड्याळ नको, मोठे पत्ते हवेत. चित्र जुळवायचा खेळ असेल तर सुरुवातीला कमीत कमी तुकडे ठेवा. नेट बंद करून खेळ उघडा. चालला तर नेट बंद ठेवूनच खेळू द्या, म्हणजे बहुतेक जाहिराती येत नाहीत. विमान मोड मात्र नको, नाहीतर मुलांचे फोनही लागणार नाहीत.

अँड्रॉइड फोनची अक्षरं सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली मोठी होतात. तिथे दोन पट्ट्या असतात, एक फक्त अक्षरांची, दुसरी चिन्हांसकट सगळ्याची. दोन्ही शेवटापर्यंत ओढल्या तर बटणावरचे शब्द कडेला कापले जातात. तसं दिसलं की एक पायरी मागे या. आणि प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. आत्याच्या फोनवर तो पासवर्ड नातवाकडे आहे, आणि त्यावरून ती अजून त्याच्यावर रुसलेली आहे.