पीठ फुगलंच नाही, की फुगून बसलं?

नमस्कार मंडळी. मागच्या मे महिन्यात यवतमाळकडच्या एका वहिनींनी मोबाइलवर फोटो पाठवला. ताटात आठ इडल्या, पण इतक्या चपट्या की आधी मला छोटी धिरडीच वाटली. खाली लिहिलं होतं, "ताई, पीठ फुगलंच नाही. उद्या सोडा टाकू का?"

नुसत्या ताटाच्या फोटोवरून सांगता येत नाही हो. पीठ फुगलं नाही तरी इडली चपटी, आणि फुगून खाली बसलं तरी चपटीच. पण उपाय अगदी उलटे. एकाला वेळ वाढवून द्यायचा, दुसऱ्याचा कमी करायचा. म्हणून मी आणखी दोन फोटो मागवले. एक इडली हातानं मोडून, आणि दुसरा पिठाचा गंज आतून.

गंज अजून घासला नव्हता, हे बरं झालं. उरलेल्या पिठाच्या दोन बोटं वर वाळलेला पांढरा पट्टा होता, चहूकडून सारख्या उंचीवर आणि जाळीदार. पळीनं उडालेलं पीठ एकाच बाजूला लागतं, ओघळतं. हा पट्टा म्हणजे रात्री पीठ तिथवर चढलं होतं. मोडलेल्या इडलीतही तेच दिसलं. कुठे मोठं भोक, तर कुठे चिकट गोळा. पीठ फुगलंच नसतं, तर ती आतून सगळीकडे सारखी गच्च दिसली असती.

विचारलं तर कळलं, रात्री आठला वाटलं आणि इडल्या लावल्या सकाळी आठला. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही स्वयंपाकघर तापलेलंच असतं, तिथे बारा तास म्हणजे फार झाले. आंबताना पिठात वायू तयार होतो, आणि वाटलेल्या उडदाचा चिकटपणा त्याला धरून ठेवतो. वेळ जास्त झाला की ती पकड सुटते, लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि पीठ बसतं. मग सोडा घालून काय उपयोग?

चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, हे त्यांचं माप ठीकच होतं. मी म्हटलं, मिक्सरमध्ये पीठ तापतं, तर माठातलं पाणी घालून वाटा. झोपायच्या वेळी वाटा आणि गंज पाण्याच्या परातीत ठेवा. थोडं पीठ काचेच्या बरणीत काढून पातळीवर पेनानं रेघ मारा. पाच तासांनी बघा, आणि दुपटीच्या आसपास आलं की लगेच इडल्या लावा. बसलेल्या पिठाचे उत्तप्पे करून टाका.

फोटोतून आंबट वास मात्र येत नाही, तो तुम्हालाच घ्यावा लागतो. आणि फोटो पळी घालायच्या आधी काढा. ढवळलेल्या पिठावरून काहीच कळत नाही.

चार दिवसांनी पहाटे साडेपाचला वहिनींचा बरणीचा फोटो आला. पीठ रेघेच्या चार बोटं वर. खाली लिहिलं होतं, "ताई, आता लावू?"