डोळ्यापुढचा पडदा, डोळ्यातला पडदा

नमस्कार श्रोतेहो. मी डोळ्यांच्या पडद्यावर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. 'पडदा' या शब्दाने माझ्या ओपीडीत रोज थोडा गोंधळ होतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जे नाजूक अस्तर असतं, ज्याला आपण रेटिना म्हणतो, त्यालाही पडदाच म्हणतात. आणि ते अस्तर सुटलं की पेशंट येऊन म्हणतो, "डॉक्टर, डोळ्यासमोर पडदा आलाय." आतला पडदा सुटतो म्हणून बाहेर पडदा दिसतो. या दोन पडद्यांच्या मधल्या चार दिवसांबद्दल मला आज बोलायचं आहे.

पाचगणीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. वय चोपन्न, लहानपणापासून जाड चष्मा, उणे सातचा नंबर. एका रविवारी संध्याकाळी वह्या तपासताना उजव्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले, काजळी उडावी तसे. त्यांनी चष्मा पुसला, डोळे धुतले. रात्री दिवा मालवल्यावर त्याच डोळ्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. मान वळवली की चमक, डोळा फिरवला की चमक. दुखत मात्र काहीच नव्हतं.

का होतं असं? डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा एक पदार्थ भरलेला असतो. वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून सुटी होते. पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांच्या डोळ्यांत हे कधी ना कधी घडतं, जाड उणे नंबर असेल तर लवकर. सुटताना तिच्या गाठींची सावली पडद्यावर पडते, तेच ते ठिपके आणि जाळी. आणि जिथे ती पडद्याला घट्ट चिकटलेली असते तिथे ती पडदा ओढते. पडद्याला ओढ कळते ती फक्त प्रकाश म्हणून. त्याला वेदना कळतच नाही. म्हणून 'दुखत नाही, म्हणजे काही नसेल' हा हिशेब इथे चुकतो.

बहुतेकांची जेली सुखरूप सुटते. ठिपके आणि चमका अचानक सुरू झालेल्या शंभर लोकांत साधारण दहा-पंधरा जणांचा पडदा मात्र या ओढाताणीत फाटतो. कोणाचा फाटला, हे लक्षणांवरून सांगता येत नाही. बघावंच लागतं.

बाई सोमवारी गावाजवळच्या एका ठिकाणी डोळे दाखवून आल्या. दुपारी वर्ग होता, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब त्यांनीच नको म्हटले. डोळ्याचा स्कॅन झाला, ओसीटी. अहवाल आला नॉर्मल. तो स्कॅन खोटा नव्हता. पण नेहमीचा ओसीटी पडद्याच्या मधला जेमतेम सहा मिलिमीटरचा भाग टिपतो, आणि फट पडते ती बहुधा दूर कडेला. अंगणाचा फोटो काढून परसातली विहीर कशी दिसणार? कडेची फट शोधायला थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि डोक्यावर दिवा लावून भिंगातून पडद्याचा काठ न् काठ बघावा लागतो. त्यानंतर चार-सहा तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. एक दुपार जाते, इतकंच. त्या सोमवारी फट सापडली असती, तर तिच्याभोवती लेझरचे ठिपके मारून पंधरा-वीस मिनिटांत काम झालं असतं आणि बाई संध्याकाळी घरी असत्या. मला आजही हे सांगताना वाईट वाटतं.

फट तशीच राहिली. पातळ झालेली जेली त्या फटीतून पडद्यामागे शिरली. भिंतीत ओल शिरली की रंगाचा पोपडा सुटतो ना, तसा पडदा सुटू लागला. गुरुवारी सकाळी बाईंना उजव्या डोळ्यात खालून, नाकाच्या बाजूने, करडी सावली वर चढताना दिसली. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे सावली खाली आणि नाकाकडे असेल तर पडदा सुटलेला असतो वर आणि कानाकडे. वरचा पडदा सुटला की पाणी आपल्या वजनाने खाली, मध्याकडे उतरतं. म्हणून असा पेशंट आला की आम्ही जास्त धास्तावतो.

बाईंनी पुण्यातल्या बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, "ताई, आत्ताच्या आत्ता नीघ." संध्याकाळी त्या माझ्यासमोर होत्या. आम्ही पुन्हा ओसीटी केला, आणि या वेळी तोच स्कॅन फार मोलाचा ठरला. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो. मराठीत त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्या टिकलीएवढ्या जागेवर चालतं. स्कॅनमध्ये वरच्या बाजूने उचललेला पडदा आणि त्याखाली काळं पाणी स्पष्ट दिसत होतं, आणि ते पाणी पीतबिंदूच्या अलीकडेच थांबलेलं होतं. मधला भाग अजून चिकटलेला होता.

घाई का, ते इथे कळतं. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू मिळतो तो मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. पडदा सुटला की त्या पेशी उपाशी राहतात. पीतबिंदू चिकटलेला असताना ऑपरेशन झालं, तर पूर्वीइतकी नजर राहण्याची आशा असते. तोही सुटला, तर पडदा पुन्हा बसवता येतो, पण अक्षरं वाकडी दिसतात, नजर पूर्ण येत नाही, आणि जितके दिवस जास्त तितकं नुकसान जास्त. म्हणून बाईंना रात्रभर हलू न देता झोपवून ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी ऑपरेशन केलं. आतली जेली काढली, पडदा जागेवर बसवला, फटीभोवती लेझर केला आणि पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला.

कधी कधी फट पडताना रक्तवाहिनी तुटते आणि डोळ्यात रक्त पसरतं. मग भिंगातून काही दिसत नाही. तेव्हा मिटलेल्या पापणीवरून डोळ्याची सोनोग्राफी करतात. सुटलेला पडदा तिथे डोळ्याच्या नसेपाशी बांधलेल्या, हेलकावणाऱ्या पांढऱ्या रेघेसारखा दिसतो.

श्रोतेहो, हे घरी ओळखायचं कसं? एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि सावली दिवसेंदिवस लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं तेच दोन-चार ठिपके असतील तर घाबरू नका. नागमोडी चमक दोन्ही डोळ्यांत दिसत असेल आणि अर्ध्या तासात जात असेल, तर ते बहुधा अर्धशिशीचं असतं. पण एका डोळ्यात अचानक नव्या ठिपक्यांचा पाऊस, चमका किंवा कडेने सावली आली, तर फोनवर "नंबर तपासायचाय" म्हणू नका. पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. "कालपासून चमका दिसतायत, सावली आलीये, आजच पडदा बघायचाय," असं सांगा, आणि सोबत कोणाला तरी घेऊन जा. फट सापडली नाही, तरी काही आठवड्यांनी पुन्हा बघून घ्या, कारण ओढ चालू असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, डोळ्याला मार लागलेला असेल, किंवा एका डोळ्याचा पडदा आधी सुटलेला असेल, तर अजिबात थांबू नका.

बाईंना मात्र लगेच घरी जाता आलं नाही. डोळ्यात गॅस असताना उंचावर गेलं की तो फुगतो, डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. विमान तर बंदच, पण पुण्याहून पाचगणी म्हणजे सातशे मीटरहून जास्त चढ. त्या बहिणीकडेच राहिल्या, सांगितल्याप्रमाणे मान ठेवून. बुडबुडा रोज थोडा लहान होताना त्यांना स्वतःला दिसत होता, पेल्यातल्या पाण्याच्या रेषेसारखा. तिसऱ्या आठवड्यात तो पार विरला, मी डोळ्यात बघून खात्री केली आणि मग त्या पसरणीचा घाट चढून घरी गेल्या. वह्या अजून तशाच पडल्या होत्या, असं त्यांनी फोनवर सांगितलं.