कोशीच्या सरळ रेषेतला बाक

(नागपुरात बी.एस्सी.चे विद्यार्थी आणि प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, प्रिझम आणि मर्क्युरी लॅम्पचं प्रॅक्टिकल तुम्ही सगळ्यांनी केलेलं आहे, त्यामुळे स्पेक्ट्रोमीटर लेव्हल कसा करायचा यात मी वेळ घालवत नाही. प्रत्येक रंगाच्या रेषेसाठी किमान विचलनाचा कोन घ्यायचा, त्यावरून अपवर्तनांक n काढायचा आणि मग n = A + B/λ² हे कोशीचं सूत्र लावायचं. कोशीने ते 1830च्या दशकात दिलं. आडव्या अक्षावर 1/λ², उभ्या अक्षावर n. सरळ रेष आली की उतार म्हणजे B आणि छेद म्हणजे A. जर्नलवर सही होते आणि आपण चहाला जातो.

आज मला त्या सहीच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

आकडे घेऊनच बोलू. काच जड फ्लिंट, प्रिझमचा कोन 60 अंश, व्हर्नियर एक मिनिटाचा. पिवळ्या दोन रेषा अगदी खेटून असतात, म्हणून त्यांच्या मधोमध 578 नॅनोमीटर धरलं. तिथे विचलन 48°16'. हिरवी 546.1, विचलन 48°36'. निळी 435.8, विचलन 50°22'. जांभळी 404.7, विचलन 51°14'. यावरून n अनुक्रमे 1.6208, 1.6242, 1.6420 आणि 1.6506 येतो. λ मायक्रोमीटरमध्ये घेतली तर 1/λ² होतं 2.993, 3.353, 5.265 आणि 6.106. लघुतम वर्ग पद्धतीने रेष बसवली की A = 1.5923 आणि B = 0.0095 मायक्रोमीटर वर्ग.

एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकलीत तर शेजारी R² = 0.9997 दिसेल. विद्यार्थी खूश, सरही खूश. पण हा आकडा एवढंच सांगतो, की λ कमी झाली की n वाढतो आणि बऱ्यापैकी सरळ वाढतो. ते तर प्रयोगाआधीच ठाऊक होतं. विचारायचं ते वेगळंच: बिंदू रेषेपासून जितके हटलेत, तितकी चूक आपल्या व्हर्नियरची असू शकते का?

म्हणून प्रत्येक रेषेसाठी मोजलेला n वजा सूत्राचा n काढा. पिवळीला अधिक 0.0001, हिरवी जवळजवळ रेषेवरच, निळीला उणे 0.0003, जांभळीला अधिक 0.0002. आता व्हर्नियरचं बघू. या प्रिझमला विचलनात एक मिनिटाची चूक झाली तर n मध्ये साधारण 0.00017 चा फरक पडतो. म्हणजे निळीचा बिंदू दोन मिनिटांनी खाली आहे. एकटा असता तर वाचायला चुकलं म्हणून सोडून दिला असता. पण टोकं वर आणि आतला बिंदू खाली, हा बाक आहे. नुसत्या वाचनातल्या चुका दर खेपेला अशी ओळीने हजेरी लावत नाहीत. दुसऱ्या बॅचनेही तेच प्रिझम घेतलं आणि तोच बाक आला, तर त्यामागे कारण आहे.

कारणं दोन असू शकतात, आणि इथे घाई करू नका. पहिलं आपल्या आळसाचं. पुष्कळ जण हिरव्या रेषेवर किमान विचलन साधतात, प्रिझम टेबल तिथेच घट्ट करतात आणि बाकीच्या रेषा फक्त टेलिस्कोप फिरवून वाचतात. मग हिरवी सोडून कुठलीच रेष स्वतःच्या किमान विचलनावर नसते, आणि किमान नसलेलं विचलन नेहमी जास्तच भरतं. या प्रिझमवर जांभळी त्यामुळे सुमारे दोन मिनिटांनी वर जाते, निळी एका मिनिटाने, पिवळी जवळपास हलत नाही. म्हणजे हुबेहूब तसाच बाक! दोन्हींत फरक करायचा तर उपाय एकच: प्रत्येक रंगाला प्रिझम पुन्हा फिरवून ती रेष कुठून परत वळते ते बघा, आणि मगच वाचा. मी वर दिलेले आकडे तसे घेतलेले धरा.

(प्रिझमचा कोन चुकला असेल तर? तेव्हा सगळे n जवळपास सारखेच वर किंवा खाली सरकतात, A बिघडतो, बाक येत नाही. आणि मे महिन्यात डार्करूममधला कूलर बंद होता म्हणून आकडे हलले, ही आपली लाडकी सबब इथे चालत नाही. दहा अंशांनी तापमान बदललं तरी अशा काचेचा n पाचव्या दशांश स्थळात हलतो, आपलं व्हर्नियर चौथ्यातच अडखळतं.)

दुसरं कारण सूत्राचं. काचेची जोरदार शोषणपट्टी अतिनील भागात असते. प्रकाश जांभळ्याकडे, म्हणजे त्या पट्टीच्या जवळ सरकतो तसा n 1/λ² पेक्षाही जास्त वेगाने वाढतो. शोषणाला धरून चालणारं सूत्र सेलमायरने 1870च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. पट्टीपासून दूर असताना त्याचा विस्तार केला, की कोशीची पदं एकामागून एक मिळतात: आधी 1/λ², मग 1/λ⁴. आपण पहिल्यावरच थांबलो होतो, तो बाक म्हणजे दुसरं पद.

खरं आहे का, ते तपासता येतं. हायड्रोजन ट्यूबची लाल रेष 656.3 वर आहे आणि ती आपल्या चारांत नव्हती. आपल्या रेषेवरून तिथे n येतो 1.6144, विचलन 47°38'. या जातीच्या काचेचा, कॅटलॉगमध्ये जिला F2 म्हणतात तिचा, तिथला n आहे 1.6150, विचलन 47°42'. चार मिनिटांची चूक! ज्या व्हर्नियरवर आपण एका मिनिटासाठी भांडतो, तिथे ही फार झाली. आता n = A + B/λ² + C/λ⁴ बसवा. C येतो सुमारे 0.00025, चारही बिंदूंतला फरक एका मिनिटाच्या आत येतो, आणि लाल रेषेला मिळतं 1.6151. चार बिंदूंना तीन स्थिरांक ही तशी चैनच आहे. नुसतं बिंदूंवरून बसलं म्हणून मी ते पद मानलं नसतं. न वापरलेल्या रेषेला ते लागू पडलं म्हणून मानतो. चौथं पद मात्र घालू नका. चार बिंदूंना चार स्थिरांक नेहमीच बसतात.

आणि आता B बघा. 0.0095 होता, तो झाला 0.0072. जवळजवळ पाव भाग गेला. A 1.5923 वरून 1.5970 वर चढला. काच तीच, रीडिंगं तीच. म्हणजे दोन पदांच्या सूत्रातला B हा काचेचा गुणधर्म म्हणून जर्नलात लिहायचा आकडाच नव्हे. तो तुम्ही घेतलेल्या पट्ट्यातला सरासरी उतार आहे. जांभळी वगळलीत तर तो कमी येईल. त्यात या रेषेचं वजनही सगळ्यांत जास्त: 1/λ² च्या अक्षावर ती एकटी टोकाला बसते आणि रेषेला आपल्याकडे ओढते. डोळ्याला सगळ्यांत अंधुक दिसणारी तीच, शेजारी 407.8 ची फिकट रेष असल्याने चुकून भलतीच पकडली जाणारीही तीच. तशी चूक झाली तर n मध्ये जवळपास 0.0009 चा, म्हणजे पाचेक मिनिटांचा घोळ होतो. स्लिट बारीक करा, डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या आणि जांभळी रेष दोन्ही व्हर्नियरवर वाचा.

म्हणून जर्नलात A आणि B लिहिताना शेजारी 404.7 ते 578 नॅनोमीटर एवढंही लिहा. त्याखाली त्या चार फरकांचा छोटा तक्ता काढा, चिन्हांसकट. परीक्षकाने R² विचारला तर सांगा, पण बोट तक्त्यावर ठेवा.